हाताने लिहिलेल्या भाजीच्या भावपत्रकाच्या फोटोंवरून तारीखवार तक्ता कसा करावा?

प्रश्न: आमच्याकडे रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर बाजारातल्या भाज्यांच्या भावाचा हाताने लिहिलेला कागद फोटो काढून येतो. काही महिन्यांचे फोटो साठलेत. कुठल्या दिवशी कुठल्या भाजीचा काय भाव होता हे शेजारी-शेजारी बघता यावं म्हणून शीटमध्ये रोज एक कॉलम वाढवत गेलो, पण थोड्याच दिवसांत सगळा गोंधळ झाला. नीट पद्धत कोणती?

उत्तर:

टायपिंगचं काम कंटाळवाणं असलं तरी अवघड नाही. घोटाळा होतो तो एकाच वेळी तीन कामं केल्यामुळे. कागदावर काय लिहिलंय ते वाचायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि दोन दिवसांची तुलना करायची, ही तीन वेगळी कामं आहेत. रोज एक कॉलम वाढवला की ती तिन्ही एकाच चौकोनात कोंबली जातात. "१२०/१८०" बघून तुम्ही मनातल्या मनात सरासरी काढून १५० भरता, दुसऱ्या दिवशी घाईत फक्त वरचा आकडा भरता, तिसऱ्या दिवशी किलोचा भाव काढून १५ लिहिता. महिन्याने त्या ओळीतल्या कोणत्या आकड्याचा अर्थ काय होता, हे सांगणारं काहीच उरत नाही.

शेतकऱ्यांच्या गटांसाठी अशा नोंदी मी बऱ्याच काळापासून ठेवतो आहे. माझ्या पद्धतीचा पाया असा की नोंदीचा तक्ता उभा ठेवायचा: एक दिवस, एक माल, एक ओळ. आडवा, शेजारी-शेजारी बघायचा तक्ता त्यातून नंतर आपोआप काढायचा, हाताने कधीच भरायचा नाही. कॉलम असे:

```
तारीख,फोटो,माल,जसं लिहिलंय,कमी,जास्त,एकक,शंका
2024-06-14,IMG-20240614-WA0007,कांदा,१४०-१९०,140,190,10किलो,
2024-06-14,IMG-20240614-WA0007,टोमॅटो,१२०/१८०,120,180,10किलो,
2024-06-14,IMG-20240614-WA0007,फ्लॉवर,—,,,10किलो,
2024-06-14,IMG-20240614-WA0007,कोथिंबीर,शे. ८००-१५००,800,1500,शेकडा जुडी,
```

यातला सगळ्यात मोलाचा कॉलम "जसं लिहिलंय". कागदावर जे आहे ते त्यात तसंच उतरवायचं, देवनागरी आकडे, तिरप्या रेघा, "शे." सगळं. अर्थ लावून काढलेले आकडे पुढच्या दोन कॉलमांत इंग्रजी अंकांत. पुढे कधी आकडा चुकीचा वाटला तर चूक वाचण्यात झाली की अर्थ लावण्यात, हे फोटो न उघडताही बऱ्याचदा कळतं.

टायपिंग सुरू करण्याआधी या कॉलमचा फॉरमॅट "प्लेन टेक्स्ट" करून ठेवा. नाहीतर "10-12" असं टाइप केलं की एक्सेल किंवा गूगल शीट्स त्याची तारीख करून टाकतात आणि मूळ आकडे गायब होतात. नंतर फॉरमॅट बदलून ते परत येत नाहीत, कारण आत तारखेचा अनुक्रमांक साठवलेला असतो. दुसरी अडचण देवनागरी अंकांची. भावाच्या कॉलममध्ये "१४०" लिहिलं तर दिसायला ठीक दिसतं, पण शीट बहुतेक वेळा त्याला मजकूर समजतं आणि बेरीज-सरासरीत धरत नाही. शंका आली तर रिकाम्या चौकोनात `=ISNUMBER(E2)` लिहून बघा. FALSE आलं म्हणजे तो आकडा नाही.

आता तारीख. इथे लोक सर्रास फसतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत काढल्याची मूळ माहिती उरत नाही. `IMG-20240614-WA0007` या नावातली तारीख फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत पोचल्याची असते, भावाची नव्हे. रात्री उशिरा आलेला किंवा दुसऱ्या दिवशी फॉरवर्ड झालेला फोटो एका दिवसाने सरकलेला असतो. म्हणून तारीख कागदावरचीच घ्या. त्यात वर्ष नसेल तर ते फाइलच्या नावावरून. कागदावर तारीखच नसेल तर फाइलची तारीख चालवा, पण शंकेच्या कॉलममध्ये "तारीख फाइलवरून" असं लिहा. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने टाइप करा. "५/६" म्हणजे जूनची पाच की मेची सहा, हे शीटच्या सेटिंगवर ठरतं, आणि बारा तारखेपर्यंतच्या चुका डोळ्यांना दिसतही नाहीत.

एक प्रकार आणखी लक्षात ठेवा. बाजार बंद असतो त्या दिवशी पुष्कळदा कालचाच कागद पुन्हा फिरतो, कधी वरची तारीख तेवढी खोडून. वीस-पंचवीस मालांचे सगळे भाव काडीचाही फरक न पडता कालच्याइतकेच आले, तर तो नवा दिवस नाही. दोन्ही फोटो शेजारी ठेवा. अक्षरांचं वळण, शाईचा डाग, घडीची रेघ सारखी दिसली की ती नोंद वगळा. अशा नोंदी तक्त्यात राहिल्या तर बाजार स्थिर असल्याचा खोटा भास होतो.

आता प्रत्यक्ष वाचण्याकडे. फोटोतून अक्षरं वाचणारी सॉफ्टवेअर छापील मजकुरावर बरी चालतात. घाईत पेनने लिहिलेल्या देवनागरी आकड्यांवर मी त्यांच्या भरवशावर राहत नाही. पंचवीस ओळींचा कागद हाताने टाइप करणं आणि सॉफ्टवेअरने वाचलेला आकडा न् आकडा तपासणं, यात वेळेचा फरक फारसा पडत नाही. तपासताना तर समोर दिसणारा आकडाच खरा वाटायला लागतो. तुमचा कागद छापील तक्त्यात सुवाच्य भरलेला असेल तर गोष्ट वेगळी.

घोळ घालणारे आकडे ठरलेले आहेत. १ आणि ९ यांच्यात फरक फक्त गाठ आणि शेपटीचा, आणि घाईत तोच पुसला जातो. काहींचे ५ आणि ४ सारखे दिसतात. भावापुढची "/-" ही खूण शेवटच्या शून्याला चिकटली की आणखी एक आकडा असल्यासारखी दिसते. यावर चांगला उपाय कागदावरच असतो. डावीकडे अनुक्रमांक लिहिलेले असतील तर १ पासून ९ पर्यंतचा प्रत्येक अंक त्याच माणसाच्या हातचा तुमच्यासमोर आहे, आणि तो कुठला अंक आहे याबद्दल शंका नाही. अडलेला आकडा त्या नमुन्याशी ताडून बघा. अनुक्रमांक नसतील तर तारखेची ओळ काही अंकांपुरतं तेच काम करते. महिनोन्‌महिने एकच माणूस लिहीत असेल तर त्याच्या अंकांची एक पट्टी फोटोतून कापून शीटच्या शेजारी उघडी ठेवा.

वरच्या कागदातली कांद्याची ओळच बघा. "१४०-१९०" मधला दुसरा आकडा मला ११० सारखाही दिसत होता. कमी-जास्त या क्रमाने लिहिणाऱ्या माणसाने १४० नंतर ११० लिहिलं नसतं, म्हणून १९०. खात्रीसाठी ९ क्रमांकाच्या ओळीचा अंक बघितला, शेपूट तशीच होती. पण त्याच कागदात काकडीपुढे "९०-१५०" आहे की "१०-१५०" हे क्रमावरून ठरत नाही, दोन्ही चालतात. तिथे आदल्या दोन-तीन दिवसांचे भाव बघावे लागतात. काकडीचा खालचा भाव आधी ८० आणि १०० असेल तर ९० घ्या, आणि शंकेच्या कॉलममध्ये "९०? १०?" असंही लिहा. आदल्या भावावरून लावलेला आकडा हा अंदाज असतो. पुढे भाव अचानक पडला का, हे तपासताना त्याच आकड्याचा पुरावा म्हणून आधार घेता येत नाही.

आकड्यांच्या जागी येणाऱ्या खुणांचे अर्थ लिहिणाऱ्यालाच विचारून घ्या. आडवी रेघ म्हणजे आवक नाही. ती जागा रिकामी ठेवायची, शून्य भरायचं नाही. शून्य भरलंत तर तक्त्यात फ्लॉवर त्या दिवशी फुकट होता, असं दिसेल. वरच्यासारखंच या अर्थाची दोन टिंबं असतील तर वरच्या ओळीचा भाव भरा, पण "जसं लिहिलंय" मध्ये टिंबंच ठेवा. काही जण ती टिंबं भावासाठी नव्हे, तर "१० किलो" या एककासाठी वापरतात. दोन आकड्यांमधल्या तिरप्या रेघेचा अर्थ साधारणपणे "पासून-पर्यंत" असतो, मात्र काही कागदांवर पहिला आकडा सकाळचा आणि दुसरा दुपारचा असतो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी असलेल्या ओळी वारंवार दिसायला लागल्या की हीच शक्यता धरा आणि विचारा. एकच भाव लिहिला असेल तर तोच कमी आणि जास्त अशा दोन्ही जागी भरा.

एककाचा कॉलम भरायला लोक कंटाळतात, पण तुलना तिथेच उभी राहते किंवा कोसळते. कागदाच्या माथ्यावर "भाव १० किलोचे" असं एकदाच लिहिलेलं असतं, आणि नेमका तोच भाग फोटोत कापला जातो. फोटो काढणाऱ्याला सांगा की मथळा आणि चारही कडा आल्याच पाहिजेत, आणि शक्य असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग तो दाबला जात नाही, अंकांच्या शेपट्या शाबूत राहतात.

फळभाज्या १० किलोवर, पालेभाज्या शेकडा जुडीवर, एखादा माल क्विंटलवर, टोमॅटो कधी क्रेटवर, असं एकाच कागदावर असू शकतं. त्यासाठी "एकक" नावाचं वेगळं पान करा. पहिल्या कॉलममध्ये एककाचं नाव, दुसऱ्यात भागायचा आकडा: किलोला १, १० किलोला १०, क्विंटलला १००, शेकडा जुडीला १००. क्रेटमध्ये किती किलो भरतात ते तुमच्या बाजारात विचारून लिहा, अंदाजाने नको. मग मूळ तक्त्यात I आणि J कॉलममध्ये एका एककाचा भाव असा निघतो:

```
I2:  =IF(E2="","",E2/VLOOKUP(G2,'एकक'!A:B,2,FALSE))
J2:  =IF(F2="","",F2/VLOOKUP(G2,'एकक'!A:B,2,FALSE))
```

वरच्या कागदात टोमॅटो किलोला १२ ते १८ निघतो आणि कोथिंबीर जुडीला ८ ते १५. कोथिंबिरीचं किलोत रूपांतर करू नका. जुडी हंगामाप्रमाणे लहान-मोठी होते, पावसात भिजलेली जड लागते, आणि टंचाई असली की भाव तोच राहून जुडी बारीक होते. जुडीचा भाव जुडीशीच ताडा. किलोशी ताडून निघणारा आकडा कितीही नेमका दिसला तरी त्याला अर्थ नसतो.

मालाच्या नावांसाठी ठरलेली यादी करा आणि डेटा व्हॅलिडेशनने ड्रॉपडाउन लावा. एकच माणूस एक दिवस "टोमॅटो" लिहितो, एक दिवस "टमाटे", कधी "ढोबळी", कधी "शिमला". शीटसाठी ते वेगळे माल होतात, नावामागची एक मोकळी जागासुद्धा पुरते. उलट बाजूने, जे खरंच वेगळं आहे ते एकत्र करू नका. कागदावर "कांदा जुना" आणि "कांदा नवा" अशा दोन ओळी असतील तर यादीतही दोन नावं हवीत. नुसतं "मिरची" लिहिलेलं असेल आणि ती कुठली हे कळत नसेल, तर "मिरची (?)" असं तिसरं नाव ठेवा, एखाद्यात ढकलू नका.

एक कागद टाइप झाला की आधी ओळी मोजा. फोटोत जितके माल, तितक्याच ओळी तक्त्यात, रेघ मारलेल्या धरून. एक ओळ सुटली की त्याखालचे सगळे भाव भलत्याच भाजीपुढे बसतात, आणि प्रत्येक आकडा सुटा बघितला तर पटण्यासारखाच असतो. त्यानंतर आदल्या नोंदीशी तुलना करणारी दोन सूत्रं, K मध्ये त्या मालाची मागची तारीख आणि L मध्ये वरच्या भावाचं मागच्या भावाशी प्रमाण:

```
K2:  =MAXIFS(A:A,C:C,C2,A:A,"<"&A2,J:J,">0")
L2:  =IFERROR(J2/AVERAGEIFS(J:J,C:C,C2,A:A,K2),"")
```

एक शून्य जास्त किंवा कमी वाचलं गेलं असेल तर L मध्ये १० किंवा ०.१ च्या आसपास आकडा येतो. एकक चुकलं तरी असंच होतं. १.५ च्या वर किंवा ०.६७ च्या खाली गेलेल्या ओळींना मी रंग देतो आणि तेवढेच फोटो पुन्हा उघडतो. ही मर्यादा तुमच्या बाजारावर ठरेल. पालेभाज्या पावसात एका दिवसात दुप्पट होऊ शकतात, बटाटा सहसा नाही. रंगलेली ओळ म्हणजे चूक नव्हे, पुन्हा बघायची ओळ. फोटोत आकडा स्पष्ट असेल तर तो कितीही चमत्कारिक वाटला तरी तसाच राहू द्या.

शेवटी तुम्हाला हवा होता तो आडवा तक्ता. पिव्होट टेबल घाला, ओळींत तारीख, कॉलमांत माल, आकड्यांत J. शीट आपणहून SUM किंवा COUNT लावतं, ते बदलून MAX करा, नाहीतर SUM मध्ये एकाच दिवसाचे दोन फोटो भरले गेले असतील तर भाव दुप्पट दिसेल. भाव नसलेल्या ओळी फिल्टरने बाजूला काढा, म्हणजे तिथे शून्य येणार नाही. दुसरा तसाच तक्ता I घेऊन, MIN लावून करा.

दोन तक्ते कशासाठी, सरासरी का नाही, असं वाटेल. त्याच टोमॅटोचं पुढच्या दिवसाचं उदाहरण घ्या. १४ तारखेला १२०-१८० होता, समजा १५ ला ८०-१८० आला. सरासरी काढली तर १५० वरून १३० झाली, म्हणजे टोमॅटो उतरला असं वाटेल. पण चांगल्या मालाला मिळणारा भाव १८० वरच आहे. फक्त डागी किंवा हलका माल बाजारात जास्त आला आणि खालचं टोक पडलं. चांगला माल नेणाऱ्याने सरासरी बघून घरी थांबायचं ठरवलं तर त्याचं नुकसान होईल. शिवाय कमी आणि जास्त यांच्या मधला आकडा हा बाजाराचा सरासरी भाव नसतोच, कारण कुठल्या भावाला किती माल गेला हे कागदावर लिहिलेलं नसतं. म्हणून वरचं टोक वरच्याशी, खालचं खालच्याशी. तुमच्या कागदावर आवकही लिहीत असतील तर तिच्यासाठी एक कॉलम जरूर वाढवा, भाव का हलला याचा अंदाज तिथून येतो.

दिवसांची तुलना करताना वारही बघा. आठवड्यातल्या मोठ्या आवकेच्या दिवसाची गाठ सुट्टीनंतरच्या दिवसाशी घातली तर भाजीपेक्षा वाराचाच फरक दिसतो. `=TEXT(A2,"ddd")` ने वार काढा आणि सोमवार सोमवारशी ताडा.

साठलेल्या फोटोंचं काम आजच्या फोटोपासून मागे मागे करत न्या. ताजे कागद वाचताना शंका आली तर लिहिणाऱ्याला अजून आठवतं, आणि त्याचं वळण एकदा डोळ्यांत बसलं की जुने, पुसट फोटो वाचायला सोपे जातात. जुन्या कागदांत जिथे अंक लागतच नाही तिथे "जसं लिहिलंय" मध्ये "१?०-१५०" असं लिहून कमीचा चौकोन रिकामा सोडा आणि पुढच्या फोटोकडे वळा.